सुनीत आणि वृत्त: एका काव्यपाठाची प्रस्तावना

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी मराठीच्या तासाला कवितेचा पाठ सुरू असताना, ‘या कवितेचे वृत्त कोणते?’ असा प्रश्न वर्गात विचारला गेला आणि एखाद्या हुशार विद्यार्थ्याने उठून ‘सुनीत’ असे उत्तर दिले, तर ते चूक आहे एवढे सांगून शिक्षकाने पुढे जाऊ नये, असे आम्हांस वाटते. कारण ही चूक आळसातून किंवा अज्ञानातून आलेली नसते, तर पाठ्यपुस्तकांच्या शेवटी दिलेल्या टिपांमध्ये ‘सुनीत: चौदा ओळींची कविता’ आणि ‘शार्दूलविक्रीडित: एकोणीस अक्षरांचे वृत्त’ ही दोन वाक्ये एकाखाली एक, एकाच ठशात छापलेली असतात, त्यांतून ती आलेली असते. दोन्ही ठिकाणी आकडा आहे, दोन्ही ठिकाणी मोजदाद आहे; तेव्हा दोन्ही एकाच जातीच्या वस्तू असाव्यात, असा समज मुलाने करून घेतला तर त्यात त्याचा दोष फारसा नाही. प्रस्तुत पुस्तिका मुख्यतः हा एक घोटाळा दूर करण्यासाठी लिहिली आहे. वृत्त हे एका ओळीचे माप आहे. सुनीत ही संपूर्ण कवितेतील विचाराची मांडणी आहे. वृत्ताची परीक्षा कान करतो, सुनीताची परीक्षा कविता अखेरपर्यंत वाचून झाल्यावर बुद्धी करते. एवढे एकदा मनात ठसले, म्हणजे उरलेल्या तपशिलाची भीती बाळगण्याचे कारण राहत नाही.

आमच्या या मुलखातील विद्यार्थी वृत्तांना अगदीच परका असतो, हा समजही खरा नव्हे. गोदावरीच्या काठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ओवी व अभंग ही या भूमीची पिढ्यान्‌पिढ्यांची मिरास आहे. ओवी-अभंगात अक्षरे लहान की मोठी याची चौकशी होत नाही. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे आली म्हणजे त्याचे काम भागते. याउलट समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हेही येथून फार दूर नाही, आणि त्यांचे मनाचे श्लोक ज्या घरांत संध्याकाळी दिवेलागणीला म्हटले जातात, त्या घरांतील मुलाच्या जिभेवर भुजंगप्रयात हे वृत्त त्याचे नाव कळण्यापूर्वीच बसलेले असते. एवढेच नव्हे, तर ज्या शार्दूलविक्रीडिताचे नाव ऐकून मुले दचकतात, ते त्यांनी प्रत्येक लग्नमांडवात, हातात अक्षता धरून, ऐकलेले असते. कारण बहुतेक मंगलाष्टके त्याच वृत्तात रचलेली असतात. निजामी अमदानीत ज्यांचे शिक्षण उर्दूतून झाले, अशा आजोबांच्या घरी गझलेचे शेर म्हटले जात असतील, तर त्या शेरांतही लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, हे त्या घरातील नातवाला ठाऊक नसले तरी त्याच्या कानाला ठाऊक असते. सारांश, कानाची पूर्वतयारी झालेली आहे. वर्गात करावयाचे आहे ते त्या कानाला हिशेब शिकविण्याचे काम.

तो हिशेब करण्यासाठी कोणा मोठ्या कवीची ओळ घेण्याऐवजी आम्ही या प्रस्तावनेपुरत्या काही साध्या ओळी स्वतः रचल्या आहेत. त्यांचे काव्यगुण बेताचेच असतील. परंतु थोर कवितेची ओळ फळ्यावर लिहून तिचे तुकडे करू लागलो, की मुलाच्या मनात एक अकारण धास्ती उत्पन्न होते, ती येथे होणार नाही. पहिली ओळ अशी:

सेलूच्या क्षितिजावरी उगवला तारा निळा एकटा

आता नियम पाहू. ज्या अक्षरातील स्वर ऱ्हस्व, म्हणजे अ, इ, उ किंवा ऋ, ते अक्षर लघु, त्याची मात्रा एक. ज्यातील स्वर दीर्घ, म्हणजे आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ, ते गुरु, त्याच्या मात्रा दोन. ज्याच्यावर स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार आहे, किंवा ज्याच्यापुढे विसर्ग आहे, ते गुरु. आणि ज्याच्या पुढच्या जोडाक्षराचा आघात मागे येतो, ते लघु अक्षरही गुरु होते. चरणाचे शेवटचे अक्षर लघु असले, तरी ते लांबवून गुरु मानण्याची मुभा आहे. लघूला अर्धचंद्राची आणि गुरूला आडव्या रेघेची खूण करावयाची, ही शाळेतील रीत. त्या रीतीने आपली ओळ अशी दिसते:

– – – ∪ ∪ – ∪ – ∪ ∪ ∪ – | – – ∪ – – ∪ –

एकोणीस अक्षरे झाली. बाराव्या अक्षरावर, म्हणजे ‘उगवला’ या शब्दाशी, उभी रेघ आहे, तो यती, म्हणजे क्षणभर थांबण्याचे स्थान. हेच शार्दूलविक्रीडित.

या एका ओळीत मुलांच्या ज्या तीन चुका हमखास होतात, त्या येथेच सांगून ठेवतो. पहिली चूक ‘क्षि’ या अक्षराची. ते जोडाक्षर आहे, म्हणून जड आहे, म्हणून गुरु, असे मुले म्हणतात. वस्तुतः जोडाक्षर आपला भार स्वतः वाहत नाही, तो मागच्या अक्षरावर टाकते. येथे मागचे ‘च्या’ मुळातच गुरु आहे, तेव्हा त्याला नव्या भाराची गरज नाही, आणि ‘क्षि’ मात्र ऱ्हस्व इकारामुळे लघुच राहते. हा भारही सरसकट मागे जात नाही. ‘तुम्ही’, ‘उन्हात’ या शब्दांत ‘तु’ आणि ‘उ’ यांवर आघात होत नाही, आणि म्हणून ते लघुच राहतात. येथे नियम पाठ करण्यापेक्षा शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा, हाच खात्रीचा मार्ग.

दुसरी चूक अधिक नाजूक आहे, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे वर्गातील निम्म्या गोंधळाचे मूळ तीच असते. आपण बोलताना ‘उगवला’ हा शब्द ‘उ-गव्‌-ला’ असा, तीन अवयवांत, उच्चारतो. ‘एकटा’ हा शब्द ‘एक्‌-टा’ असा दोनांत. ‘घर’ हा शब्द तर आपल्या तोंडून एकाच झटक्यात बाहेर पडतो. परंतु वृत्तात लिहिलेल्या प्रत्येक अक्षरातील ‘अ’ पुरा मोजावयाचा, आणि म्हणतानाही तो पुरा उच्चारावयाचा असतो: उ-ग-व-ला, ए-क-टा, घ-र. विद्यार्थी बोलण्याच्या सवयीने ओळ वाचतो, तेव्हा त्याला अक्षरे कमी भरतात, आणि मग कवीनेच वृत्त मोडले आहे, असा निष्कर्ष तो काढतो. अशा वेळी त्याला ती ओळ मंगलाष्टकाच्या चालीवर म्हणावयास सांगावी. चाल सुरू होताच ‘उगवला’तील चारही अक्षरे आपोआप सुटी होतात, आणि तक्रार तेथल्या तेथे मिटते.

तिसरी चूक गणांच्या बाबतीतली. तीन-तीन अक्षरांचे आठ गण आहेत, आणि ते ‘यमाताराजभानसलगा’ या एका सूत्रात गुंफलेले आहेत: ज्या गणाचे नाव घ्यावयाचे, त्या अक्षरापासून तीन अक्षरे मोजली, की त्या गणाचा लघु-गुरु क्रम मिळतो. ‘मातारा’ हा तीन गुरूंचा म गण, ‘सलगा’ हा दोन लघु व एक गुरु असा स गण, ‘जभान’ हा ज गण, ‘ताराज’ हा त गण. आपली ओळ त्याप्रमाणे तोडली तर सेलूच्या, क्षितिजा, वरीउ, गवला, तारानि, ळाएक, टा असे तुकडे पडतात. म्हणजे म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरु. मुले हे तुकडे पाहून कविताही तशीच तोडून वाचू लागतात, आणि ‘वरीउ’ किंवा ‘ळाएक’ हा काय शब्द आहे, असे विचारतात. तो शब्दच नव्हे. गण हे जमाखर्चाच्या वहीतील रकाने आहेत. ते मोजण्यासाठी आहेत, म्हणण्यासाठी नाहीत. म्हणताना थांबावयाचे ते यतीवर आणि अर्थावर.

येथे एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. आपल्या ओळीचा पूर्वार्ध बदलून कोणी असा केला: ‘सेलूच्या आभाळात उगवला’. अर्थात विशेष फरक पडला नाही. मात्रा मोजल्या तर पहिल्या पाठात अठरा होत्या, या नव्या पाठातही अठराच भरतात. तरीही वृत्त मोडले. कारण शार्दूलविक्रीडिताला चौथ्या व पाचव्या जागी लघु हवा असतो आणि येथे ‘आ’ व ‘भा’ हे दोन गुरु येऊन बसले, आणि बारा अक्षरांच्या जागी अकराच झाली. नुसत्या मात्रांच्या बेरजेवर चालणारी रचना वेगळी, तिला जाती म्हणतात. प्रत्येक जागी लघु की गुरु हे ठरलेले असते, ते अक्षरगणवृत्त. आणि नुसती अक्षरसंख्या पाहणारा, लघु-गुरूंचा विचार न करणारा, तो ओवी-अभंगांचा छंद. छंद, जाती आणि वृत्त ही विभागणी माधव जूलियन, म्हणजे प्रा. माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनी ‘छंदोरचना’ या आपल्या ग्रंथात परिश्रमपूर्वक मांडली, आणि तिच्याकडेच आजही मराठी शिक्षकाला जावे लागते. 1938 साली मुंबई विद्यापीठाने याच ग्रंथासाठी त्यांना डी. लिट. ही पदवी दिली, आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

आता दुसरी ओळ:

गाडीचा ध्वनि दूर दूर विरला, वाटा निजू पाहती

मनमाडकडे जाणारी गाडी सेलूचे स्टेशन सोडून गेल्यानंतरची ही वेळ. खुणा करून पाहिल्या तर क्रम पहिल्या ओळीचाच निघतो. परंतु शुद्धलेखनाच्या वहीत ‘ध्वनी’ असा दीर्घ ईकार लिहिण्याची शिस्त लागलेला विद्यार्थी येथे अडखळेल, आणि त्याने अडखळावे हेच योग्य. पाचवे अक्षर लघु हवे, म्हणून ‘नि’ ऱ्हस्व केला आहे. कवींना ही सवलत परंपरेने मिळालेली आहे. मात्र ती सवलत आहे, हक्क नव्हे. ज्या ओळीत अशा दोन-तीन ओढाताणी दिसतात, किंवा जागा भरण्यासाठी ‘तो’, ‘हा’, ‘की’, ‘रे’ असे निरर्थक शब्द ठिकठिकाणी उभे केलेले दिसतात, तेथे वृत्त साधले असले तरी कविता साधलेली नसते. गाऊन पाहिल्याने हे कळत नाही, कारण चाल वाटेल तेथे अक्षर लांबवून उणीव झाकते. म्हणून आधी गावे, मग कागदावर खुणा कराव्यात, आणि शेवटी ओळ गद्यासारखी साधी वाचून तिच्यातला प्रत्येक शब्द अर्थासाठी आला आहे की नाही, हे पाहावे.

दोन ओळी झाल्या, म्हणजे सुनीताला सुरुवात झाली काय? नाही, या दोन ओळींवरून अजून काहीच सांगता येत नाही. याच वृत्तात चार ओळी लिहून थांबलो असतो तर तो श्लोक झाला असता. आशीर्वादपर आठ श्लोक लिहिले असते तर मंगलाष्टक. सुनीत होण्यासाठी ओळी चौदा हव्यात हे खरे. परंतु चौदा ओळी लिहिल्या म्हणजे सुनीत झाले, हे मात्र खरे नव्हे. या रचनेचा जन्म तेराव्या शतकात इटलीकडच्या सिसिली बेटावर झाला. पुढे चौदाव्या शतकात पेट्रार्क या इटालियन कवीने तिला जे रूप दिले, त्यात पहिल्या आठ ओळींचा एक गट आणि उरलेल्या सहांचा दुसरा गट असतो. अष्टकात एखादे दृश्य, अनुभव किंवा प्रश्न उभा करावयाचा, आणि षट्काच्या आरंभी विचाराने वळण घ्यावयाचे: प्रश्नाचे उत्तर, दृश्याचा मनाशी संबंध, किंवा आधीच्या म्हणण्याला छेद. सोळाव्या शतकात ही रचना इंग्लंडात गेली, आणि तेथे चार-चार ओळींचे तीन गट व अखेरीस दोन ओळींचे एक यमकबद्ध जोडके, अशी दुसरी पद्धत रूढ झाली. शेक्सपिअरची 154 सुनीते, जी 1609 मध्ये प्रसिद्ध झाली, ती बहुतेक या पद्धतीची आहेत. पहिल्या पद्धतीत वळण नवव्या ओळीपाशी येते. दुसरीत पुष्कळदा ते अखेरच्या जोडक्यापर्यंत लांबते. सुनीत ओळखावयाचे ते या वळणावरून.

आमच्या दोन ओळींपुढे आणखी सहा ओळींत संध्याकाळचेच वर्णन चालू राहिले, दुधना नदीचे पात्र, कापसाच्या गाड्या, केशवराजाच्या देवळातली आरती असे काही आले, असे समजा. आठवी ओळ संपली. आता नववी:

दादा, तू पण पाहतोस कधि हा तारा तिथे अंगणी?

वृत्त बदलले नाही. तीच एकोणीस अक्षरे, तोच यती. परंतु आतापर्यंत कोणाशीही न बोलणारी कविता एकाएकी एका माणसाशी बोलू लागली. नोकरीसाठी दूर गावी गेलेला थोरला भाऊ तिच्यात आला, आणि मागे वळून पाहिले तर पहिल्या ओळीतील ताऱ्याचे एकटेपण व दुसऱ्या ओळीतील दूर गेलेली गाडी, या दोहोंना आता वेगळा अर्थ मिळाला. हे वळण आठव्या ओळीपूर्वीच उघड केले असते तर अष्टक वाया गेले असते. आणि चौदाव्या ओळीपर्यंत ते आलेच नसते, तर चौदा ओळींचे एक संध्यावर्णन तेवढे झाले असते. विद्यार्थ्याने परीक्षेत ‘हे सुनीत आहे’ असे लिहिल्यावर ‘कारण नवव्या ओळीपासून’ असे पुढे लिहिता आले पाहिजे. ते लिहिता आले नाही, तर त्याने ओळी मोजल्या आहेत, कविता वाचलेली नाही.

मराठीत ही रचना आणली केशवसुतांनी. 1892 साली लिहिलेली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही त्यांची कविता मराठीतील पहिले सुनीत मानली जाते. शहाजहानने निर्माण केलेल्या या दोन वस्तूंपैकी मयूरासन 1739 मध्ये नादिरशहाने लुटून नेले, आणि ताजमहाल यमुनेच्या तीरावर जागच्या जागी उभा राहिला. एका बादशहाच्या दोन निर्मितींचे हे दोन प्रारब्ध शीर्षकातच शेजारी-शेजारी ठेवलेले पाहिले, म्हणजे दोन भागांत विभागलेल्या या रचनेला कवीने विषय किती जाणतेपणाने निवडला, हे ध्यानात येते. पुढे रविकिरण मंडळातील कवींनी हा प्रकार रुळविला, आणि माधव जूलियनांनी ‘तुटलेले दुवे’ ही सुनीतांची मालाच रचली.

इंग्रजी सुनीताची ओळ दहा अवयवांची, आणि तिची लय आघातांवर चालते: एक अवयव हलका, दुसरा ठासून उच्चारलेला. मराठीत अर्थभेद करणारा असा आघात नाही, म्हणून ती ओळ जशीच्या तशी उचलून आणणे अशक्य होते. मराठी कवींनी तिच्या जागी मुख्यत्वे शार्दूलविक्रीडित घेतले, आणि आमच्या मते ती निवड अत्यंत समंजस होती: ओळ लांब, मध्ये निश्चित विश्राम, चाल भारदस्त पण लडिवाळ नव्हे, विचार पेलण्यास योग्य. मात्र तिचा एक परिणाम डोळ्यांआड करून चालणार नाही. इंग्रजी सुनीतात एकंदर अवयव सुमारे 140, तर एकोणीस अक्षरांच्या चौदा मराठी ओळींत अक्षरे 266. जागा जवळजवळ दुप्पट झाली. विभक्तिप्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी मराठी शब्द लांबतात, तेव्हा त्यातील बरीच जागा न्याय्य कामी लागते. पण उरलेली जागा विशेषणांनी भरण्याचा मोह पुष्कळ सुनीतकारांना आवरलेला नाही, आणि आमच्या भाषेतील अनेक सुनीते शिथिल वाटतात, याचे मुख्य कारण हेच आहे. सुनीत शार्दूलविक्रीडितातच असले पाहिजे, असा काही दंडक नाही. मंदाक्रांतेसारख्या अन्य वृत्तांतही ते लिहिता येते. यमकांची गुंफणही कवीगणिक बदलते, आणि अभ्यासाच्या पहिल्या वर्षी तिच्यात फार खोल शिरण्याचे कारण नाही.

पुस्तिकेतील पाठांचा क्रम याच धोरणाने ठेवला आहे: पहिले चार पाठ केवळ एका ओळीचे, लघु-गुरूंचे आणि यतीचे, पाचव्या पाठापासून संपूर्ण कविता. शिक्षकांना विनंती एवढीच, की हा क्रम उलटा करू नये, आणि गणांची नावे पाठ करून घेण्यात पहिला तास खर्ची घालू नये. आणि विद्यार्थिमित्रा, तुला सांगावयाचे ते असे: पाठ्यपुस्तकातील जी कविता यंदा तुला नेमलेली आहे, तिची पहिली ओळ कोऱ्या कागदावर लिही, मोठ्याने म्हण, प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीने खूण कर, ते झाल्यावर पूर्ण कविता वाच, आणि जेथे बोलणे वळले असे वाटेल, त्या ओळीच्या समासात एक फुली मार. उद्याच्या तासाला तो कागद बरोबर घेऊन ये.